करपा कोणता? : फोनमधले रोगनिदान आणि त्याच्या मर्यादा

(अकादमीच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)



साहित्याच्या प्राध्यापकाने पिकांच्या रोगांवर का बोलावे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझा या विषयाशी संबंध शब्दांमुळे आला. आमच्या सीमाभागातल्या काही विद्यार्थ्यांनी पानाचा फोटो पाहून रोग सांगणारे एक मोबाईल ॲप तयार केले आणि त्याच्या पडद्यावरचा मराठी मजकूर तपासायला माझ्याकडे दिला. यादीत अडतीस नावे होती. मराठी प्रतिशब्द शोधायला बसलो, तेव्हा लक्षात आले की नावे नीट लावायची तर ते यंत्र नेमके काय पाहते आणि काय पाहत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. ते समजून घेताना जे हाती लागले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम हे ॲप काय करते ते पाहू. शेतात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. म्हणून फोटो दूरच्या संगणकाकडे न पाठवता फोनमध्येच त्याचा विचार व्हावा, अशी ही रचना असते. त्यासाठी मॉडेल लहान लागते. गूगलच्या संशोधकांनी २०१७ आणि २०१८ मध्ये 'मोबाईलनेट' नावाची दोन मॉडेले याच हेतूने प्रसिद्ध केली. त्यांतल्या दुसऱ्यात सुमारे ३४ लाख आकडे आहेत. शिकवताना हे आकडे थोडेथोडे बदलत जातात आणि शेवटी जे स्थिर होतात, तेच त्या मॉडेलचे ज्ञान. प्रत्येक आकडा चार बाइटांत ठेवला तर फाइल साधारण १४ एमबीची होते. तोच आकडा एका बाइटात बसवला, म्हणजे त्याला फक्त २५६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर उभे केले, तर फाइल साडेतीन एमबीवर येते आणि साध्या फोनवरही उत्तर क्षणार्धात मिळते. या काटकसरीने अचूकता थोडी घटते, पण बहुधा थोडीच. मोठी घट कुठून येते ते पुढे सांगतो.

फोटोही लहान केला जातो. फोनचा कॅमेरा ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा फोटो काढतो. मॉडेलला मात्र २२४ गुणिले २२४ ठिपक्यांचा चौकोन दिला जातो, म्हणजे दर दोनशे चाळीस ठिपक्यांमागे साधारण एक ठिपका उरतो. याचा अर्थ व्यवहारात काय होतो? समजा शेतकऱ्याने टोमॅटोचे सगळे झाड बसेल असा, ४० सेंटिमीटर रुंदीचा फोटो काढला. मॉडेलपुढच्या चित्रात एक ठिपका सुमारे १.८ मिलिमीटरचा झाला. पानावरचा दोन मिलिमीटरचा डाग तिथे एका ठिपक्यात संपतो. तोच फोटो जवळून, आठ सेंटिमीटरचे एक पान चौकट भरून राहील असा काढला, तर एक ठिपका ०.३६ मिलिमीटरचा होतो आणि त्याच डागाच्या वाट्याला पाच-सहा ठिपके येतात. मॉडेल तेच, पान तेच, रोग तोच. केवळ हात जवळ नेल्याने डाग दिसण्याजोगा झाला. 'जवळून फोटो काढा' ही सूचना ॲपमध्ये अनेकदा कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. ती ठळक का असावी, ते या हिशेबातून कळते.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे अचूकता. या क्षेत्रात ९९ टक्के हा आकडा फार फिरतो. तो आला कुठून? अमेरिकेत 'प्लँटव्हिलेज' नावाचा पानांच्या फोटोंचा एक खुला संग्रह तयार झाला. त्यात ५४,३०६ फोटो आहेत. चौदा पिके, सव्वीस रोग आणि निरोगी पाने धरून एकूण अडतीस वर्ग. मोहंती, ह्यूज आणि सालाते यांनी २०१६ मध्ये या संग्रहावर शिकवलेल्या मॉडेलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संग्रहातलेच, पण शिकवताना बाजूला ठेवलेले फोटो दाखवले, तेव्हा सर्वांत चांगल्या मॉडेलने ९९.३५ टक्के उत्तरे बरोबर दिली. हाच तो आकडा. पण त्याच लेखात दुसराही एक आकडा आहे आणि तो त्याच संशोधकांनी प्रामाणिकपणे छापला आहे. वेगळ्या परिस्थितीत काढलेले, संग्रहाबाहेरचे फोटो दाखवले, तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली. नुसत्या अंदाजाने अडतीसांत एक निवडला तर २.६ टक्के उत्तरे बरोबर येतील. त्या मानाने ३१ बरेच आहे. पण ९९ आणि ३१ यांमधले अंतर हाच आजच्या व्याख्यानाचा विषय म्हटला तरी चालेल.

हे अंतर का पडले? संग्रहातली पाने झाडावरून तोडून, एकसारख्या पार्श्वभूमीवर, एकेक ठेवून टिपलेली आहेत. शेतात पान पानावर पडलेले असते. मागे माती असते, वर ऊन असते, फवारणीचा पांढरा डाग असतो, कडेला माणसाचे बोट असते. आणि एक बारकी गोष्ट आहे. एका रोगाचे फोटो बहुधा एका बैठकीत, एकाच प्रकाशात काढले जातात. त्यामुळे मागचा करडा रंग प्रत्येक वर्गात किंचित वेगळा असतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या संग्रहातल्या प्रत्येक फोटोतले फक्त आठ ठिपके घेतले, तेही पानाचे नव्हे, मागच्या पृष्ठभागाचे. तेवढ्यावर शिकवलेल्या एका साध्या मॉडेलने ४९ टक्के उत्तरे बरोबर दिली. पान न पाहता! हुशार विद्यार्थी कधी धडा न वाचता प्रश्नपत्रिका काढणाऱ्याची सवय ओळखून गुण मिळवतो, तसेच हे. दुसऱ्या शाळेची प्रश्नपत्रिका आली की त्याची पंचाईत होते.

म्हणून ९९ टक्के हा मॉडेलचा कायमचा गुण मानू नये. तो एका विशिष्ट संग्रहावरच्या परीक्षेचा निकाल आहे. आकडा सांगणाऱ्याला 'कोणत्या फोटोंवर?' एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

दुसरी मर्यादा यादीची. मी मघाशी अडतीस नावे म्हटली. विद्यार्थ्यांनी याच संग्रहाचा आधार घेतला होता, आणि अनेक प्रकल्पांत असेच होते, कारण तो फुकट मिळतो. त्यातले चार वर्ग जसे पडद्यावर दिसतात तसे दाखवतो.

```
Tomato___Early_blight
Tomato___Late_blight
Soybean___healthy
Orange___Haunglongbing_(Citrus_greening)
```

तिसरी ओळ पाहा. सोयाबीनचा या संग्रहात एकच वर्ग आहे आणि तो निरोगी पानांचा. आपल्या बेळगाव, कोल्हापूर, सांगली पट्ट्यात सोयाबीनवर तांबेरा येतो. पानाच्या खालच्या बाजूला तांबूस भुकटीचे बारीक फोड येतात, पाने पिवळी पडून गळतात. हे पान अशा ॲपला दाखवले तर काय होईल? 'तांबेरा' हा शब्द त्याच्या शब्दकोशातच नाही. मॉडेलने पान सोयाबीनचे आहे हे बरोबर ओळखले, तर सोयाबीनचे म्हणून त्याच्याजवळ एकच उत्तर आहे: निरोगी. जितके पीक नीट ओळखले, तितकी चूक पक्की.

चौथ्या ओळीत उलटा प्रकार आहे. संत्र्याचाही एकच वर्ग, आणि तो 'सिट्रस ग्रीनिंग' या घातक रोगाचा. निरोगी संत्र्याचे पान संग्रहात नाहीच. म्हणजे विदर्भातल्या एखाद्या बागेतले टवटवीत पान दाखवले तरी उत्तर ग्रीनिंगकडेच झुकणार. जाता जाता भाषेच्या माणसाला खुपेल अशी गोष्ट म्हणजे रोगाच्या मूळ चिनी नावाचे रोमन स्पेलिंगही त्या वर्गात चुकीचे पडले आहे, आणि त्या संग्रहावर बांधलेल्या असंख्य प्रकल्पांत ते तसेच उतरले आहे. यादी कोणी वाचत नाही, याचा तो एक पुरावा.

टोमॅटोची गोष्ट वरवर बरी दिसते. त्याचे दहा वर्ग आहेत. पण आपल्याकडे टोमॅटोवर फुलकिड्यांमार्फत पसरणारा एक विषाणुजन्य रोग येतो. कोवळी पाने काळपट-तपकिरी पडतात आणि शेंडा वाळतो. भुईमुगावर त्याच विषाणूमुळे जो रोग येतो त्याला शेतकरी शेंडेमर म्हणतात. हा रोग त्या दहांत नाही. पानावर काळपट डाग पाहून मॉडेल त्याला एखाद्या करप्यात बसवील. शेतकरी बुरशीनाशक फवारील आणि विषाणूवर बुरशीनाशकाचा काही उपयोग नाही. औषधाचे पैसे जातात, आणि फुलकिडे आवरण्याचे दिवसही हातचे जातात.

हे मॉडेलच्या घडणीतच आहे. शेवटच्या पायरीवर ते अडतीस वर्गांना शंभर टक्के वाटून देते. बेरीज शंभर व्हायलाच हवी. त्यामुळे तुम्ही त्याला आंब्याचे पान दाखवा, चप्पल दाखवा, ते शंभर टक्के वाटणारच आणि एकाला सर्वांत मोठा वाटा मिळणारच. यादीत 'यांपैकी काही नाही' हे उत्तर मुद्दाम घालावे लागते आणि त्यासाठी तशा इतर वस्तूंचे, इतर पानांचे फोटो दाखवून शिकवावे लागते. मोठा वाटा अमुक टक्क्यांच्या खाली असेल तर उत्तर देऊ नको, असेही सांगता येते. त्याने काही चुका टळतात. पण अनोळखी पानालाही मॉडेल पुष्कळदा नव्वदच्या वर वाटा देऊन बसते, म्हणून एवढ्यावर भागत नाही.

आता पहिल्या दोन ओळींकडे येतो, कारण माझे काम तिथेच अडले. दोन्हींचे मराठी रोजच्या बोलण्यात एकच: करपा. कृषिविद्यापीठांच्या पुस्तिका त्यांना 'लवकर येणारा करपा' आणि 'उशिरा येणारा करपा' म्हणतात. पहिला अल्टरनेरिया या बुरशीमुळे होतो. तो सहसा खालच्या जुन्या पानांवर सुरू होतो आणि डागात एकात एक वर्तुळे दिसतात. दुसरा फायटोफ्थोरामुळे होतो. थंड, दमट, ढगाळ हवेत पानावर पाण्याने भिजल्यासारखे डाग पडतात, सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरट बुरा दिसतो आणि थोड्या दिवसांत प्लॉट बसतो. फायटोफ्थोरा हा खऱ्या बुरशीच्या कुळातलाही नाही. मेटॅलॅक्झिलसारखे औषध त्याच्यावर चालते, अल्टरनेरियावर चालत नाही. म्हणजे नुसते 'करपा' लिहून भागणार नाही.

आणि करपा तेवढ्यावर थांबत नाही. भाताचा करपा वेगळ्या बुरशीचा, भाताचाच कडा करपा जिवाणूचा, कांद्याचा जांभळा करपा आणखी निराळा, केळीच्या सिगाटोक्यालाही करपाच म्हणतात. आपल्या भाषेने रोगाला रूपावरून नाव दिले. पान करपल्यासारखे दिसते, म्हणून करपा. यात भाषेचे काही चुकले नाही. बोलणाऱ्याला पीक कोणते, महिना कोणता, पाऊस किती, शेजारच्या शेतात काय चालले आहे, हे सगळे ठाऊक असते आणि शब्द त्या माहितीच्या आधाराने उभा असतो.

मॉडेलही नेमके हेच करते. ते रूपावरून नाव देते. मात्र त्याच्याजवळ महिना नाही, पाऊस नाही, शेजारचे शेत नाही. पानाची खालची बाजूही नाही, कारण फोटो वरून काढलेला असतो, आणि पांढरा बुरा तर खाली असतो. वर्तुळे आहेत की नाहीत, हे दहा मिलिमीटरच्या डागात जवळून पाहिले तर अठ्ठावीस ठिपक्यांत दिसते. दूरच्या फोटोत साडेपाच ठिपक्यांत वर्तुळे मावतच नाहीत. तेव्हा ॲप जे सांगते ते साम्य आहे. 'मला दाखवलेल्या फोटोंपैकी अमुक गटाशी हे पान सर्वांत जास्त जुळते', एवढेच त्याचे म्हणणे. निदान हा त्याच्या पुढचा टप्पा आहे आणि त्याला शेत लागते.

यातून पडद्यावरच्या टक्केवारीचा प्रश्न येतो. मूळ इंग्रजी शब्दासाठी विद्यार्थ्यांनी 'खात्री' लिहिले होते: 'करपा, खात्री ९२ टक्के'. वाचणाऱ्याचा समज होतो की शंभरांतून ब्याण्णव वेळा हे खरे निघेल. तसे ते नाही, हे एका हिशेबाने पटेल. हे आकडे समजुतीसाठी धरले आहेत. एका शेतात हजार झाडे आहेत आणि त्यांतल्या पन्नासांना रोग आहे. ॲप बरेच चांगले आहे: रोगी झाडांपैकी नव्वद टक्के पकडते आणि निरोगी झाडांपैकी फक्त दहा टक्क्यांना चुकून रोगी म्हणते. पन्नासांतली पंचेचाळीस पकडली, पाच निसटली. साडेनऊशे निरोगी झाडांतली पंच्याण्णव चुकून रोगी ठरली. एकूण एकशे चाळीस झाडांवर 'रोग' असा शिक्का पडला आणि त्यांतली खरी पंचेचाळीस, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. साथ जोरात असेल आणि निम्मी झाडे रोगी असतील, तर त्याच ॲपचे दहांतले नऊ शिक्के खरे ठरतील. ॲप बदलले नाही, शेत बदलले. रोग विरळ असताना, म्हणजे नेमक्या लवकर सावध होण्याच्या काळात, त्याच्या 'हो'वर कमी भरवसा ठेवावा लागतो.

मग हे सगळे निरुपयोगी आहे का? तसे मुळीच नाही, आणि त्याचे उत्तम उदाहरण आफ्रिकेतले आहे. ज्या कंदापासून आपल्या उपवासाचा साबुदाणा होतो, तो कसावा पूर्व आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न आहे. त्याच्यावर मोझॅक आणि तपकिरी रेषा पाडणारा असे दोन विषाणुजन्य रोग येतात. प्लँटव्हिलेजच्याच मंडळींनी तिथल्या संशोधकांबरोबर 'नुरू' नावाचे ॲप केले. स्वाहिली भाषेत नुरू म्हणजे उजेड. ते नेटशिवाय फोनमध्ये चालते आणि त्याचे फोटो प्रयोगशाळेतल्या टेबलावरचे नसून शेतातले आहेत. २०२० मध्ये त्याची परीक्षा प्रसिद्ध झाली. एका पानावरून नुरूचे निदान ६५ टक्के वेळा बरोबर आले. कृषी विस्तार कर्मचारी ४० ते ५८ टक्के आणि शेतकरी १८ ते ३१ टक्के बरोबर होते. पुढे एकाच झाडाची सहा पाने दाखवली, तेव्हा नुरूची अचूकता ७४ ते ८८ टक्क्यांवर गेली.

या आकड्यांत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. ६५ हा ९९ पेक्षा लहान आकडा आहे, पण तो शेतातला आहे आणि माणसांशी ताडून पाहिलेला आहे, म्हणून त्याला वजन आहे. दुसरे म्हणजे सुधारणा मोठ्या मॉडेलने झाली नाही, सहा पाने पाहिल्याने झाली. एका पानावर ऊन पडलेले असते, एकावर लक्षण अजून उमटलेले नसते. सहांमध्ये अशा चुका एकमेकांना भागवतात. पण सहाही फोटो एकाच फांदीचे, एकाच सावलीत काढले, तर सहांची चूक एकच असेल आणि फायदा होणार नाही. वरचे, मधले, खालचे पान घ्यावे लागते.

आमच्या विद्यार्थ्यांनी यानंतर आपल्या ॲपची परीक्षा नव्याने मांडली. शिकवायला ज्या शेतांतले फोटो वापरले ती शेते परीक्षेला घ्यायची नाहीत. प्रत्येक झाडाचा खरा रोग वनस्पतिरोगाच्या जाणकाराने आधी ठरवायचा आणि तो ॲप चालवणाऱ्याला सांगायचा नाही. निकाल एका सरासरीत न देता, कोणत्या रोगाला ॲपने काय म्हटले याचा तक्ता द्यायचा, कारण निरोगी पाने भरपूर असली की सरासरी आपोआप फुगते. आणि संख्या लहान असेल तर ते सांगायचे. वीस झाडांत अठरा बरोबर आली तर आपण नव्वद टक्के म्हणतो, पण एवढ्या थोड्या झाडांवरून खरी अचूकता सत्तर ते सत्त्याण्णव यांमध्ये कुठेही असू शकते.

मजकुराचे काम माझे होते. 'खात्री' हा शब्द काढला. त्या जागी आता असे येते: 'हे पान उशिरा येणाऱ्या करप्याच्या फोटोंशी जुळते. पानाची खालची बाजू सकाळी पाहा. पांढरा बुरा आहे का?' नुसता करपा कुठेच लिहिला नाही. प्रत्येक ठिकाणी पीक आणि विशेषण लावले. सोयाबीनचे आणि संत्र्याचे वर्ग यादीतून काढून टाकले. ॲप उघडताच ते कोणती पिके आणि कोणते रोग ओळखते, याची यादी दिसते. आणि एक वाक्य नव्याने घातले: 'मला हे ओळखता येत नाही. कृषी सहायकांना दाखवा.'

हे शेवटचे वाक्य घालताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, असे वारंवार आले तर लोक ॲप ठेवतील का?" मी त्याला म्हटले, गावातल्या वैद्याकडे लोक का जात? दहांपैकी दोन वेळा तो 'हे माझ्या आवाक्यातले नाही, तालुक्याला न्या' म्हणे, म्हणूनच उरलेल्या आठ वेळा त्याच्या औषधावर विश्वास ठेवत.

उद्या अशी अनेक ॲपे मराठीत येतील आणि त्यांच्या पडद्यावरचे शब्द तुमच्यापैकी कोणाकडे तरी तपासायला येतील. तेव्हा इंग्रजी शब्दाला मराठी शब्द लावून थांबू नका. यादी मागवा, फोटो कुठले ते विचारा, आणि यंत्राला जेवढे दिसते तेवढेच आपल्या वाक्यात उतरू द्या. त्या वाक्यावर कोणीतरी पंप पाठीला लावून शेतात उतरणार असतो.